बोट दाबलेलेच ठेवा

पोट दुखते म्हणून आलेल्या रुग्णाला सोनोग्राफी लिहून देण्याआधी करायची एक तपासणी आहे. तिला अर्धा मिनिटही लागत नाही, पण रेफर होऊन येणाऱ्या केसपेपरांवर तिची नोंद क्वचितच दिसते. फिलाडेल्फियाचे सर्जन जॉन कार्नेट यांनी १९२६ साली ती मांडली. त्यांचा विचार साधा होता. पोटाचे स्नायू ताणले की आतले अवयव त्या ताणलेल्या भिंतीमागे जातात आणि आपले बोट त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. दुखणे आतले असेल तर ते कमी व्हायला हवे. भिंतीतलेच असेल तर कमी होणार नाही, तेवढेच राहील किंवा वाढेल.

ही तपासणी करताना हमखास होणारी चूक म्हणजे रुग्ण डोके उचलतो तेव्हा आपण नकळत बोट सैल सोडतो. मग दुखणे कमी झाल्यासारखे वाटते आणि तपासणी निगेटिव्ह लिहिली जाते. म्हणून क्रम पाळावा. रुग्णाला उताणे झोपवून "दुखतं ते ठिकाण एका बोटानं दाखवा" असे सांगावे. पूर्ण तळहात पोटावर फिरवणारा रुग्ण आणि एकाच बिंदूवर बोट टेकवणारा रुग्ण, यांतला फरक इथेच कळतो. त्या बिंदूवर आपल्या बोटाचे टोक दाबावे, दुखले की तिथेच थांबावे. मग हात छातीवर घडी करून डोके आणि खांदे उचलायला सांगावे. बोटाचा दाब तोच ठेवून विचारावे, "आता कमी झालं, तेवढंच आहे की वाढलं?" तिन्ही पर्याय द्यावेत. नुसते "वाढलं ना?" विचारले तर आपल्याकडचे रुग्ण डॉक्टरांचा मान राखून हो म्हणतात. मान दुखत असेल तर दोन्ही पाय सरळ उचलायला सांगता येते, पण मग दुखणे कमरेतून येत नाही ना हे पाहावे लागते.

दुखरा बिंदू बहुधा रेक्टस स्नायूच्या बाहेरच्या कडेजवळ सापडतो, आणि त्याला शरीररचनेचे कारण आहे. सातव्या ते बाराव्या थोरॅसिक नसांच्या पुढच्या शाखा पोटाच्या स्नायूंच्या थरांमधून पुढे येतात आणि रेक्टसपाशी जवळजवळ काटकोनात वळून त्वचेकडे निघतात. हा रस्ता स्नायूतल्या एका तंतुमय कड्यातून जातो. त्या कड्यात नस आवळली गेली की बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दुखते. स्नायू ताणला की कडे अधिक आवळते. १९७२ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर विल्यम ॲपलगेट यांनी या विकाराला ॲब्डॉमिनल क्युटेनिअस नर्व्ह एन्ट्रॅपमेंट सिंड्रोम, म्हणजे आज आपण म्हणतो तो ॲक्नेस, असे नाव दिले.

एक रुग्ण तपशिलात पाहू. वय ३८, दिवसभर शिलाई मशीनवर काम. उजव्या बरगडीखाली आठ महिने दुखणे. सोनोग्राफीत पित्ताशयात ६ मिलिमीटरचा एक खडा, भिंत जाड नाही, पित्तनलिका नॉर्मल, लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन झालेल्या, एंडोस्कोपी नॉर्मल, आणि पित्ताशय काढण्याचा सल्ला मिळालेला. मध्यमवयीन बाईला बरगडीखाली दुखते आणि रिपोर्टमध्ये खडा आहे, एवढ्यावर निर्णय होणे स्वाभाविकच होते.

पण माहिती नीट विचारली तर चित्र जुळत नव्हते. पित्ताशयाचे दुखणे झटक्यांत येते. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि मग पूर्ण थांबते. मधले दिवस रुग्ण अगदी बरा असतो. या बाईंचे दुखणे रोज होते, जेवणाशी त्याचा संबंध नव्हता. पाण्याची बादली उचलताना, खोकताना आणि उजव्या कुशीवर वळताना ते वाढायचे. मळमळ आणि पोट फुगल्याची भावना होती खरी, पण भिंतीतल्या दुखण्यातही ती असते, त्यामुळे तेवढ्यावरून आतला आजार ठरत नाही. बरगडीच्या दोन बोटे खाली, रेक्टसच्या कडेला एक बिंदू दाबल्यावर त्या कळवळल्या. डोके उचलताच म्हणाल्या, "डॉक्टर, हेच ते, वाढलं." मर्फी साइन निगेटिव्ह होते. बिंदूभोवतालची त्वचा चिमटीत धरल्यावर दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त दुखली आणि स्पिरिटचा बोळा तिथे कमी गार लागला. या दोन गोष्टी त्वचेच्या नसेकडे बोट दाखवतात.

मग सुई. १ टक्का लिग्नोकेन, ॲड्रिनलिन नसलेले, आठ मिली. बाजारात २ टक्क्यांची व्हायल सहज मिळते, तिच्यात तेवढेच सलाइन मिसळले की काम होते. रेक्टसच्या पुढच्या आवरणातून सुई पार होताना हाताला किंचित अडथळा जाणवतो. त्याच्या खाली औषध सोडायचे. कृश रुग्णात आतड्याला इजा होऊ नये म्हणून सोनोग्राफीच्या मदतीने द्यावे. पंधरा-वीस मिनिटांनी तीच तपासणी पुन्हा करायची. दुखणे निम्म्याहून कमी झाले तर निदानाला बळ मिळते. या बाईंचे झाले. त्यांनी तीन वेळा डोके उचलून पाहिले. खड्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, रद्द केलेली नाही. जेवणानंतर येणारी जोराची कळ, ताप, कावीळ असे काही दिसले तर लगेच यायला सांगितले आहे.

कार्नेटवर किती विसंबायचे? १९७७ मध्ये थॉमसन आणि फ्रान्सिस यांनी लॅन्सेटमध्ये तातडीने दाखल झालेल्या १२० रुग्णांची पाहणी छापली. त्यांतले २४ पॉझिटिव्ह होते, आणि त्यांपैकी एकाच्याच पोटात आतला आजार निघाला. हा एकजण माझ्या मते लक्षात ठेवायचा रुग्ण आहे. आतली सूज पेरिटोनियमपर्यंत पोहोचली की भिंतही दुखते आणि अपेंडिसायटिसही पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून ताप, वाढती नाडी किंवा काही तासांतच सुरू झालेले दुखणे असेल तर या तपासणीच्या भरवशावर रुग्णाला घरी पाठवू नये. तिचे काम महिनोन्‌महिने एकाच जागी राहिलेल्या दुखण्यात आहे.

पॉझिटिव्ह म्हणजे ॲक्नेसच, असेही नाही. भिंतीतली इतर दुखणीही पॉझिटिव्ह येतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला जोराचा खोकला आला आणि अचानक गाठ झाली तर रेक्टसमधला रक्तस्राव शोधा. सिझेरियनच्या व्रणात पाळीच्या वेळी दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस. रेक्टसच्या बाहेरच्या कडेलाच स्पिगेलियन हर्निया होतो, तेव्हा रुग्णाला उभे करून खोकायला लावा. पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखी आग होत असेल तर पुरळ उठण्याआधीची नागीण असू शकते, आणि जुन्या मधुमेहात थोरॅसिक नसांचा विकार. वजन घटणे किंवा ॲनिमिया असेल तर पूर्ण तपास केल्याशिवाय हे निदान लावू नये.

एका सुईने कायमचे बरे होणारे थोडे. बहुतेकांना काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. लिग्नोकेनमध्ये स्टेरॉइड मिसळण्याची आपली सवय जुनी आहे, पण नेदरलँड्समधल्या एका तुलनात्मक चाचणीत त्याने भर पडल्याचे दिसले नाही. सुयांनी भागत नसेल तर नस कापण्याची शस्त्रक्रिया आहे. २०१३ मध्ये त्याच देशातल्या सर्जनांनी ४४ रुग्णांत तिची तुलना नुसता छेद देण्याशी केली. नस कापलेल्यांत १६ जणांना, तर नुसत्या छेदानंतर ४ जणांना चांगला आराम पडला. शस्त्रक्रियेनंतर तेवढ्या पट्ट्यात बधिरपणा राहतो, आणि ते रुग्णाला आधी सांगून संमतीपत्रावर लिहून घ्यावे लागते.