पुंजी मोडायची नाही, म्हणजे काय?

दीपनगरच्या वसाहतीत निवृत्तीचा हार गळ्यात पडला की एकच सल्ला चहूकडून येतो: ‘पुंजी मोडू नका. सगळी व्याजावर ठेवा, कर्जाचे हप्ते व्याजातून जातील.’ ही वसाहत भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची. तिथे उमेदीची वर्षे घालवलेल्याला सरकारी नोकरासारखे निवृत्तिवेतन नाही. भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि शिल्लक रजेचे पैसे एकदाच हाती येतात. म्हणून सल्ल्यामागची काळजी खरी आहे. सल्ला मात्र चुकीचा आहे.

हिशेबच मांडू. हाती 40 लाख आले आहेत आणि 5 लाखांचे वैयक्तिक कर्ज 12 टक्क्यांनी आणखी पाच वर्षे फेडायचे आहे असे धरा. हप्ता 11,122 रुपये. आजारपणासाठी 5 लाख बाजूला काढले आणि 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 पडतात. पुंजी न मोडता उरलेले 5 लाख टपालाच्या मासिक उत्पन्न योजनेत 7.4 टक्क्यांनी घातले, तर आणखी 3,083. हप्ता वजा जाता घरखर्चाला राहतात 12,461. त्याच 5 लाखांत कर्ज मिटवले, तर राहतात पूर्ण 20,500.

‘पण पाच वर्षांनी माझे 5 लाख शाबूत असतील ना?’ असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. दोन्हींतला फरक महिन्याला 8,039 आहे. कर्ज मिटवलेल्याने तेवढेच आवर्ती ठेवीत टाकले, तर पाच वर्षांत साडेपाच लाखांच्या पुढे जातात. शिवाय अडचणीच्या महिन्यात ती ठेव थांबवता येते, हप्ता थांबत नाही. कर्जाचा दर ठेवीपेक्षा कमी असेल, तरच ते चालू ठेवण्यात अर्थ आहे.

आजारपणाचे 5 लाखही एका पावतीत नकोत. एक-एक लाखाच्या पाच मुदत ठेवी केल्या, तर गरजेपुरती एकच मोडावी लागते. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून साखर, रक्तदाब असलेल्याने तो नोकरीत असतानाच घ्यावा.

एक मुदत विसरू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे वय 60 आहे. 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांतच त्या रकमेपर्यंत खाते उघडता येते. ते हुकले, की साठीपर्यंत थांबणे आले. आणि या खात्यातले पैसे वर्षाच्या आत काढले तर मिळालेले व्याज परत कापून घेतात. म्हणून आधी कर्ज, मग आजारपण, मग उत्पन्न, हाच क्रम धरा. महागड्या कर्जावर बसलेली पुंजी शाबूत नसते, ती दर महिन्याला झिजत असते.