दप्तराचे वजन आणि पट्ट्याची लांबी

जून महिना उजाडला की दप्तरांच्या दुकानात एक वाक्य हमखास कानी पडते. "थोडे मोठेच द्या, दहावीपर्यंत पुरले पाहिजे." काटकसरीने संसार करणाऱ्या आईवडिलांचे हे वाक्य मला कळते. गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा, चप्पल एक नंबर मोठी घ्यावी, हीच रीत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होती. परंतु दप्तराला ही रीत लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सैल सदरा मुलाला त्रास देत नाही. सैल आणि मोठे दप्तर देते. फिजिओथेरपीच्या व्यवसायात पाठ दुखते म्हणून जी मुले माझ्याकडे आणली जातात, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत मला औषधाआधी दप्तराकडे पाहावे लागते.

दप्तराच्या वजनाविषयी नियम नाहीत असे नाही. 1993 साली यशपाल समितीने शिक्षणाच्या ओझ्यावर अहवाल दिला. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा निर्णय काढला. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणातही हेच प्रमाण असून, सहावी-सातवीसाठी साधारण दोन ते तीन किलो वजन सांगितले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना दहा ते वीस टक्क्यांपर्यंतची मर्यादा सांगते. म्हणजे दहा हा आकडा निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. अकरा टक्क्यांना कणा मोडतो आणि नऊ टक्क्यांना तो सुरक्षित राहतो, असे काही नाही. ती एक सोयीची, सावध मर्यादा आहे आणि शाळेने ती पाळावी हे योग्यच आहे. मात्र पालकांनी केवळ आकडा लक्षात ठेवला आणि पट्टा विसरला, तर अर्धे काम राहून जाते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. वसतिगृहात राहणारी, सहावीत शिकणारी एक मुलगी. वय अकरा, वजन एकतीस किलो. दुपारनंतर मान आणि दोन्ही खांदे भरून येतात, कंबरेच्या वर कळ येते, रविवारी काही होत नाही, अशी तिची तक्रार होती. वडिलांचे म्हणणे असे, "आम्ही पाच मैल चालत शाळेत जात होतो, आमची नाही दुखली पाठ." मी तिचे दप्तर काट्यावर ठेवले. सहा किलो नऊशे ग्रॅम भरले. तिच्या वजनाच्या बावीस टक्के!

दप्तर रिकामे केले तेव्हा हिशेब असा निघाला. रिकामे दप्तरच एक किलो शंभर ग्रॅम, कारण ते कॉलेजच्या मुलांच्या मापाचे होते. एक लिटरची स्टीलची बाटली, काठोकाठ भरलेली, एक किलो तीनशे. पाठ्यपुस्तके एक किलो तीनशे. दोनशे पानी सात वह्या, दोन किलो शंभर. दोन गाईडे, आठशे ग्रॅम. कंपासपेटी आणि इतर किरकोळ सामान तीनशे ग्रॅम. "इतक्या वह्या रोज कशाला?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "सर, वसतिगृहात ठेवल्या तर हरवतात." माझ्या दृष्टीने तिच्या पाठदुखीचे निदान या एका उत्तरात होते. तिने ओझे हौसेने उचलले नव्हते. तिच्या वस्तूंना कुलूप नव्हते, म्हणून तिचे कपाट तिच्या पाठीवर आले होते.

आता पट्ट्यांकडे येऊ. तिने दप्तर पाठीवर घेतले तेव्हा ते नितंबांच्या खाली लोंबत होते आणि पाठीपासून सुटून मागे झुकले होते. येथे थोडे यंत्रशास्त्र समजून घेतले पाहिजे. ओझे किती आहे याइतकेच ते कण्यापासून किती दूर आहे यालाही महत्त्व असते. पाण्याची भरलेली कळशी छातीशी धरून पाहा आणि मग तीच हात लांब करून धरून पाहा. वजन तेच, पण दमणूक निराळी. दप्तर मागे ओढू लागले की मूल तोल सावरण्यासाठी कंबरेतून पुढे वाकते आणि समोर पाहता यावे म्हणून मान पुढे काढते. त्या अवस्थेत मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना दिवसभर सुटी मिळत नाही. संध्याकाळचे दुखणे ते याचेच. एकाच खांद्यावर दप्तर अडकवणाऱ्या मुलाचा तो खांदा वर उचललेला आणि धड दुसऱ्या बाजूला झुकलेले दिसते. पट्टा अरुंद असून खांद्यात रुतत असेल तर हाताला मुंग्याही येतात, कारण हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येतो. मुंग्यांची तक्रार मुले आपणहून क्वचितच करतात. ती विचारावी लागते.

योग्य बसलेले दप्तर ओळखणे अवघड नाही. मुलाला बाजूने उभे करून पाहावे. दप्तराचा वरचा काठ खांद्यांच्या पातळीत असावा, फार वर नको. तळ कंबरेच्या खोलगट भागाशी टेकावा. कंबरेखाली चार बोटांहून फार खाली उतरू नये. दप्तराची रुंदी मुलाच्या पाठीपेक्षा जास्त नसावी. दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे, दोनेक इंच रुंद आणि आतून मऊ भरलेले असावेत. ते इतके आवळावेत की दप्तर पाठीला चिकटून राहील, पण काखेत रुतणार नाहीत आणि हात मोकळे हलतील. जड पुस्तके पाठीच्या बाजूला, हलके सामान बाहेरच्या कप्प्यात. कंबरेचा किंवा छातीचा पट्टा असेल तर तो लावावा; बहुतेक मुले तो लोंबता ठेवतात. पट्ट्याच्या बकला मात्र रोजच्या वापराने सरकतात, म्हणून आठवड्यातून एकदा लांबी पुन्हा पाहावी लागते.

त्या मुलीच्या बाबतीत आम्ही पहिल्या आठवड्यात फक्त पट्टे आवळले आणि पुस्तकांची जागा बदलली. वजन तेवढेच राहिले, तरी मानेचे दुखणे बरेच उतरले. मग वजनाला हात घातला. बाटली रिकामी न्यायची आणि शाळेच्या नळावर भरायची. एक किलो तेथेच उतरले. गाईडे वसतिगृहात. त्या दिवसाच्या तासांचीच पुस्तके, सातशे ग्रॅम. दोनशे पानी सात वह्यांऐवजी शंभर पानी चार वह्या, साडेसहाशे ग्रॅम. दप्तर तिच्या मापाचे, पाचशे ग्रॅमचे. एकूण दोन किलो साडेचारशे. हे तिच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आत आले. महिन्याभरात तिची तक्रार थांबली. मात्र वर्गशिक्षिकांनी तिच्या पुस्तकांसाठी स्टाफरूमच्या कपाटाचा एक खण दिला नसता, तर यातले काहीच जमले नसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दप्तरामुळे कणा कायमचा वाकडा होतो, कुबड येते, उंची खुंटते, असे जे बोलले जाते त्याला आधार नाही. 2018 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या नियतकालिकात तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनामुळे मुलांना पाठदुखी जडते असा खात्रीलायक पुरावा त्यात आढळला नाही. दप्तर जड वाटते असे सांगणाऱ्या मुलांत दुखणे टिकून राहण्याविषयी काहीसा पुरावा मिळाला. यावरून काही जण "मग वाहू द्या" असा निष्कर्ष काढतात. मला तो मान्य नाही. आज दुपारी मुलाची मान दुखते आणि ओझे कमी केल्यावर थांबते, एवढे कारण मला ओझे कमी करण्यास पुरेसे वाटते. त्यासाठी पुढच्या तीस वर्षांच्या अपंगत्वाची भीती घालण्याची गरज नाही. मुलाला मात्र "जड वाटते का?" असे विचारावे आणि त्याच्या उत्तराला काट्याइतकीच किंमत द्यावी.

या भीतीचा दुसराही तोटा आहे. सगळी पाठदुखी दप्तराच्या नावावर खपवली जाते. तेरा वर्षांच्या एका मुलाची पाठ तीन महिने दुखत होती. घरच्यांनी दप्तर हलके केले, मग बदलले. दिवाळीच्या सुटीत दप्तराला हातही लागला नव्हता, तरी दुखणे वाढतच गेले. रात्री कळ येऊन तो जागा होई, संध्याकाळी अंग गरम लागे, वजनही उतरले होते. पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही. एमआरआय तपासणीत कण्याचा क्षयरोग निघाला. वेळेत औषधे सुरू झाली, ती वर्षाहून अधिक काळ चालली, आणि मुलगा आज धडधाकट आहे. दप्तराचे दुखणे सुटीत ओसरते. जे सुटीतही राहते, चार आठवड्यांहून अधिक टिकते, रात्री झोपेतून उठवते, ज्याच्यासोबत ताप, वजन घटणे, पायात अशक्तपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काही असते, ते मूल डॉक्टरांकडे न्यावे. पायातला अशक्तपणा किंवा ताबा सुटणे असेल तर त्याच दिवशी न्यावे. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतात.

शेवटी शाळांविषयी. काही ठिकाणी दाराशी काटा ठेवून मुलांची दप्तरे तपासली जातात आणि वजन जास्त भरले तर मुलालाच दरडावले जाते. हे मला अन्यायाचे वाटते. वेळापत्रक मूल ठरवत नाही, दोनशे पानी वही सक्तीची मूल करत नाही, पिण्याच्या पाण्याची सोय मुलाच्या हाती नसते. चाकांचे दप्तर हाही उपाय नव्हे; आपल्याकडचे जिने आणि मुरमाची मैदाने पाहता ते बहुतेक वेळ उचलूनच न्यावे लागते. निवासी शाळेला तर हा प्रश्न इतरांपेक्षा सोपा आहे, कारण मूल, वर्ग आणि वसतिगृह एकाच आवारात असतात. प्रत्येक वर्गात भिंतीशी लोखंडी रॅक, त्यात प्रत्येक मुलाच्या नावाचा कुलूप लावता येणारा एक खण. भाषेची वही वर्गात, अभ्यासिकेला लागणारी तेवढी वसतिगृहात. रोज आठ विषयांचे आठ तास ठेवण्याऐवजी काही विषयांचे जोडतास घेतले की पुस्तके आपोआप कमी होतात. माजी विद्यार्थी शाळेला काही भेट देऊ इच्छित असतील, तर पंखा आणि घड्याळ यांच्या आधी त्यांनी या रॅकचा विचार करावा, आणि कुलपांच्या दोन-दोन किल्ल्या करून एक वर्गशिक्षकांकडे ठेवावी.