‘श्यामची आई’ वाचून झाल्यावर

घरात चारजणांनी मिळून एक कादंबरी वाचली आणि जेवणानंतर तिच्यावर बोलायला बसले, तर बहुतेक वेळा दोनच गोष्टी घडतात. एकजण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे सांगत सुटतो. तो थांबला की दुसरा म्हणतो, ‘म्हणजे यातून आपल्याला असे शिकायला मिळते की...’ आणि एक नसीहत सांगून मोकळा होतो. दहा मिनिटांत चर्चा संपते. पुस्तक चांगले होते यावर सगळ्यांचे एकमत होते, आणि ते चांगले का होते हे कोणालाच सांगता येत नाही.

याचे कारण असे की आपण दोन जोड्यांची गल्लत करतो. गोष्ट आणि कथानक ही पहिली जोडी. सूत्र आणि संदेश ही दुसरी. या महिन्यात या दोन जोड्या सोडवून पाहू. त्यासाठी पुस्तक घेतले आहे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. ते जवळपास प्रत्येक शाळेच्या कपाटात सापडते, आणि त्याचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी ते लिहायला घेतले, आणि १९३५ साली ते पुस्तकरूपाने आले. कोणी त्याला कादंबरी म्हणतात, कोणी आत्मकथन. आपल्या कामाला दोन्ही चालते.

आधी गोष्ट आणि कथानक. समजा आम्ही म्हटले, ‘अब्बूंनी कांद्याची चाळ रिकामी केली. मग आपाचे लग्न पुढे गेले.’ ही गोष्ट झाली. एकामागून एक काय घडले एवढेच ती सांगते, आणि ऐकणारा विचारतो, ‘मग पुढे?’ आता असे म्हणू, ‘चाळ रिकामी केली तेव्हा भाव इतका पडला होता की आपाचे लग्न पुढे ढकलावे लागले.’ प्रसंग तेच, पण आता त्यांच्यामध्ये कारणाचा धागा आला. ऐकणारा आता विचारतो, ‘असे का झाले?’ इंग्रजी कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत हाच फरक सांगितला होता.

कथानकात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सांगण्याचा क्रम. लेखक लग्न पुढे गेल्याचे पहिल्या पानावर सांगू शकतो आणि पडलेल्या भावाची बातमी पन्नासाव्या पानापर्यंत दाबून ठेवू शकतो. घडलेले बदलत नाही, पण वाचणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम पार बदलतो.

आता हे ‘श्यामची आई’ला लावून पाहू. पुस्तकात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. एकूण बेचाळीस. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. म्हणजे आई आता हयात नाही हे आपल्याला सुरुवातीपासून कळलेले असते. ‘आई वाचेल का?’ हा प्रश्न लेखकाने पहिल्याच रात्री काढून टाकला. उरला तो प्रश्न असा, की ही बाई होती तरी कशी. हे कथानकाचे काम आहे. नुसती गोष्ट सांगणारा ते सांगतच नाही, कारण त्याच्या लेखी आश्रम, मित्र आणि रात्री यांत काही ‘घडत’ नाही.

पुढे कर्जाचे पाहा. श्यामच्या वडिलांना कर्ज आहे. ते काही एका दिवसात झालेले नाही. एकत्र कुटुंबातून बाहेर पडावे लागले, झोपडीत राहावे लागले, हे दहाव्या रात्रीच कळते. पण कर्जाची पूर्ण हकीकत आणि दारात येणारा सावकाराचा माणूस आपल्याला भेटतो तो बत्तिसाव्या रात्री. घरादारावरच्या जप्तीची दवंडी गावात पिटली जाते ती सदतिसाव्या रात्री. त्याआधी तीस रात्री आपण काय पाहतो? पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई फोक मारून पोहायला पाठवते. भाजीत मीठ घालायला विसरल्याचे तिला स्वतः जेवायला बसल्यावर कळते, कारण तिला वाईट वाटू नये म्हणून वडील मुकाट्याने जेवून उठलेले असतात. तीस रात्री आपण त्या घरात राहतो, त्या बाईचा मान काय आहे ते ओळखतो, आणि मगच ढोल वाजतो. हाच ढोल पहिल्या रात्री वाजला असता तर ती आपल्याला कोणा एका कर्जदाराची बायको वाटली असती.

हे घरी करून पाहायचे असेल तर एक कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे पुस्तकातले आठ-दहा मोठे प्रसंग ते आयुष्यात ज्या क्रमाने घडले असतील त्या क्रमाने लिहा. उजवीकडे तेच प्रसंग पुस्तकात ज्या क्रमाने येतात तसे लिहा. मग सारखे प्रसंग रेघांनी जोडा. जिथे रेघ तिरपी जाते तिथे लेखकाने काहीतरी आधी सांगितले आहे किंवा मुद्दाम उशिरा सांगितले आहे. चर्चेला तिथूनच सुरुवात करा आणि विचारा, ‘हे इथेच का सांगितले?’ सगळ्या रेघा सरळ आल्या तर दुसरा प्रश्न विचारा. लेखक कुठे चार पाने रेंगाळला आणि कुठे चार वर्षे एका ओळीत ओलांडून गेला?

आता दुसरी जोडी. संदेश ओळखायला सोपा असतो, कारण त्याच्या शेवटी ‘करा’ किंवा ‘करू नका’ बसते. ‘आईवर प्रेम करा.’ ‘फुकटचे घेऊ नका.’ ‘श्यामची आई’मध्ये असे संदेश उघड आहेत. जवळपास प्रत्येक रात्रीला तिचा बोध आहे आणि पुष्कळदा आईच तो बोलून दाखवते. त्यात काही कमीपणा नाही. पण चर्चेत तेवढेच सांगितले तर बेचाळीस रात्रींतून बेचाळीस सुविचार हाती येतात, कादंबरी येत नाही.

सूत्र म्हणजे पुस्तक पुन्हा पुन्हा ज्या प्रश्नाशी येते तो प्रश्न. त्याला ‘करा’ लावता येत नाही. आणि ते एका शब्दातही मावत नाही. ‘प्रेम’, ‘गरिबी’ हे विषय झाले. त्यांचा प्रश्न बनवला की सूत्र हाताला लागते. इथे आम्ही एक सूत्र मांडतो, तुम्ही दुसरे मांडू शकता: माणसाची अब्रू कोणाच्या हातात असते, त्याच्या स्वतःच्या की दुसऱ्याच्या?

ते टिकते का हे पाहायला तीन जागा शोधू. तेराव्या रात्री श्यामने जेवणावळीत घेतलेली दक्षिणा आईला रुचत नाही. ती आपली नव्हे, आपण ती घ्यायची नव्हे. इथे अब्रू स्वतःच्या हातात आहे. एकोणतिसाव्या रात्री हाच श्याम शिकून मोठे होण्याच्या ओढीने, पुस्तकांसाठी चोरी करतो. हेतू चांगला आणि वाट वाईट. इथे अब्रू हातातून निसटू पाहते. सदतिसाव्या रात्री दवंडी पिटली जाते. आईने तर आयुष्यभर काही वावगे केलेले नाही. तरी तिच्या घराची अब्रू त्या ढोलाच्या हातात आहे.

आता संदेश आणि सूत्र शेजारी ठेवा. संदेश म्हणतो, नीट वागा म्हणजे मान राहील. सूत्र सदतिसाव्या रात्रीपाशी येऊन विचारते, नीट वागूनही मान गेला, मग? संदेशाला या जागी उत्तर नाही. पुस्तकातली एखादी जागा आपल्या वाक्याच्या आड येत असेल आणि ती आपण गाळत असू, तर समजावे की आपण संदेश धरून बसलो आहोत. सूत्र मात्र आड येणाऱ्या जागेलाही सामावून घेते.

उर्दू वाचणाऱ्या घरांत डेप्युटी नज़ीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ माहीत असते. ती १८६९ सालची. अकबरी बेपर्वा, असगरी समंजस. दोघी बहिणी, दोघे भाऊ त्यांचे नवरे. नसीहत तर पहिल्या पानापासून ठरलेली: असगरीसारखे व्हा. पण तिथेही सूत्र शोधता येते. असगरी सासरच्या बेइमान नोकराणीचा, मामा अज़मतचा, हिशेबातला घोळ उघडा पाडते. म्हणजे घर चालवण्याची सत्ता हिशेब जाणणाऱ्याकडे जाते का, असा प्रश्न पुस्तकात आहे. नसीहत पटो न पटो, या प्रश्नावर सासू आणि सून दोघीही बोलू शकतात.

एक सावधगिरी सांगतो. पात्र जे बोलते तो लेखकाचा संदेश असतोच असे नाही. ‘श्यामची आई’त श्याम आणि गुरुजी फार जवळ आहेत, म्हणून तिथे हे अंतर कमी आहे. दुसऱ्या कादंबरीत सावकारही शहाणपणाची वाक्ये बोलेल. ती कोण बोलतो आहे, कोणाला आणि कशासाठी, हे पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नका.

पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या सहा-सात जणींनी हे पुस्तक आलटून पालटून वाचले. चर्चेच्या दिवशी पहिली पंधरा मिनिटे सगळ्या ‘आई थोर होती’ एवढेच म्हणत होत्या. मग आम्ही अब्रूचा प्रश्न मांडला आणि दवंडीचे पान पुन्हा वाचायला सांगितले. पुस्तक न वाचलेल्या, नुसत्या ऐकत बसलेल्या एक खाला म्हणाल्या, ‘आता ढोल नाही वाजत, टीचर. आता नोटीस येते. पोस्टमन आवाज देतो तेव्हा शेजारीण दारात उभी असतेच.’

त्यानंतर कोणी नसीहत सांगितली नाही. द्राक्षबागेसाठी काढलेले कर्ज, सोसायटीची थकबाकी, माहेरी न सांगितलेल्या गोष्टी, सगळे पुस्तकाच्या आधाराने बोलले गेले. ‘श्यामच्या घरी असे झाले’ म्हणत म्हणत जी ती आपल्या घराबद्दल बोलत होती. आणि एकीने पुस्तक उघडून विचारले, ‘श्याम आईच्या शेवटच्या क्षणी जवळ का नव्हता? लेखकाने त्याला दूर का ठेवले?’ प्रश्न कथानकाचा होता. त्यावर चहा गार झाला.

पुढच्या पुस्तकाला एवढेच करा. गोष्ट सांगायला एकाला पाच मिनिटे द्या, त्याहून जास्त नको. मग तिरप्या रेघा पाहा. मग प्रत्येकाने एक सूत्र प्रश्नाच्या रूपात मांडावे आणि त्यासाठी तीन पाने दाखवावीत. पाने दाखवता आली नाहीत तर प्रश्न मागे घ्यावा. संदेश सगळ्यांत शेवटी सांगा, अजून कोणाला सांगावासा वाटला तर.