सफाईच्या नावाखाली

‘लेख एकदा यंत्रातून फिरवून घ्या, एकदम स्वच्छ होऊन येतो,’ हा सल्ला आता आमच्या लासूर स्टेशनलाही ऐकू येतो. दिवाळी अंकाला पहिलाच लेख धाडणारा पोरगा असो की शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवण लिहिणारे निवृत्त गुरुजी, खर्डा मोबाइलमध्ये टाकायचा, ‘नीट करून दे’ म्हणायचं आणि जे येईल ते पुढं पाठवायचं. या सल्ल्यामागचे युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाहीत, म्हणून तर त्यांना उत्तर देणं भाग आहे.

वाद हवेत नको. आमच्या भागातल्या एका तरुणाच्या खर्ड्यातला हा उतारा बघा. कांद्याच्या लिलावाचा प्रसंग आहे:

‘बापाने गोल्टी घरीच निवडून बाजूला काढली होती. व्यापारी आला, ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घातला, खालचा कांदा वर काढला अन् बापाकडं न बघताच भाव बोलला. तो हो म्हणला. पट्टी हातात आली. त्याच्यातून हमाली तोलाई गेली. मग आम्ही स्टेशनसमोर चहा घ्यायला गेलो अन् बापानं चहात साखर ज्यास्त मागितली. मला वाटलं, भाव बरा भेटला. तसं नव्हतं.’

आणि हाच उतारा सफाई होऊन आला तो असा:

‘बाजार समितीच्या गजबजलेल्या वातावरणात वडिलांनी मोठ्या काळजीने प्रतवारी केलेला कांदा विक्रीसाठी आणला होता. व्यापाऱ्याने बारकाईने पाहणी करून दर जाहीर केला. तो केवळ कांद्याचा दर नव्हता, तर वर्षभराच्या घामाचे, आशेचे आणि स्वप्नांचे मोल होते. चहाच्या त्या एका घोटात जणू शेतकऱ्याच्या जीवनाचा कडू-गोड अनुभव सामावला होता.’

दुसऱ्या उताऱ्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, हे मान्य. पण कोपरापर्यंत गेलेला हात कुठं आहे? व्यापारी बापाकडं बघत नाही, ही या प्रसंगातली सगळ्यात बोचरी गोष्ट. ती जाऊन तिथं ‘बारकाईने पाहणी’ आली. म्हणजे अपमान पुसून व्यापाऱ्याला वर प्रशस्तिपत्र मिळालं. हमाली, तोलाई, पट्टी गेली. जास्तीची साखर गेली. आणि बदल्यात काय आलं? गजबज, घाम, आशा, स्वप्नं. यातलं एकही लेखकानं पाहिलेलं नाही. त्या दिवशी बाजारात गर्दी होती असं त्यानं कुठंही म्हटलेलं नाही. गर्दी बाहेरून घुसली, कारण बाजार म्हटलं की ती घालायची असते.

पहिला आक्षेप असा की पुण्या-मुंबईच्या वाचकाला गोल्टी कळणार नाही. कळेल. ‘निवडून बाजूला काढली’ या शब्दांतच ती हलक्या मालाची चीज आहे हे आलंय. फारच वाटलं तर ‘बारीक गोल्टी’ करा, एका शब्दाचं काम आहे. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ साली आली. तिची नायिका पार्वती सगळी गोष्ट आपल्या मराठवाडी बोलीत सांगते, आणि तरी कादंबरी महाराष्ट्रभर वाचली गेली. बोराडे इथून जवळच, वैजापूरच्या महाविद्यालयात प्राचार्य होते. वाचक शब्दाला अडत नाही, दिसेनासं झालं की अडतो. मग ‘प्रतवारी केलेला कांदा’ त्याला सगळा कळतो आणि काहीच दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. ‘मग यंत्राला सांगा ना, मराठवाडी बोलीत लिही म्हणून!’ सांगून बघा. ‘लई’, ‘अन्’, ‘म्हंजी’ वाक्यावाक्यात पेरलेले येतील आणि चहाच्या घोटात शेतकऱ्याचं जीवन मात्र तसंच सामावलेलं राहील. नाटकातल्या गड्यानं पागोटं घालावं तसली ही बोली. लेखकाचा आवाज त्यानं काय पाहिलं, काय आधी सांगितलं, कुठं वाक्य तोडलं आणि कशावर बोलायचं टाळलं यात असतो. आपल्या तरुणानं भावाचा आकडा सांगितलेला नाही, बापाच्या मनातलंही सांगितलेलं नाही. हे टाळणं त्याचं आहे. बोलीचा एकही शब्द न वापरता प्रमाण मराठीत लिहिलं असतं, तरी ते त्याचंच राहिलं असतं.

आता उलट्या बाजूच्या मंडळींकडं वळू. ‘खर्ड्याला हातच लावू नका, चुका हाच त्याचा आवाज’ असं ती म्हणतात. हे लेखकाचे लाड झाले. वरच्या उताऱ्यात ‘तो हो म्हणला’ यातला ‘तो’ कोण, व्यापारी की बाप? वाचक क्षणभर चुकतो, आणि नेमका चुकू नये तिथं चुकतो. ‘बापाने’ आणि ‘बापानं’ एकाच परिच्छेदात आहेत; तो आवाज नव्हे, दुर्लक्ष आहे. ‘केलं’, ‘सांगितलं’ असे बोलण्यातले उच्चार अनुस्वारानं दाखवायला लेखनाच्या नियमांचीही मोकळीक आहे, तेव्हा निवडायचं ते एक निवडा आणि शेवटपर्यंत पाळा.

मग हात लावायचा कसा? मी खर्डा आधी मोठ्यानं वाचतो आणि पेन्सिलीनं तीनच खुणा करतो: चूक, गोंधळ, लकब. चूक लगेच दुरुस्त करायची: ‘ज्यास्त’चं ‘जास्त’, ‘हमाली तोलाई’च्या मध्ये स्वल्पविराम. गोंधळ असेल तर लेखकाला विचारायचं, उत्तर आपण द्यायचं नाही. ‘तो’ म्हणजे बाप हे त्यानं सांगितल्यावरच ‘बाप हो म्हणला’ झालं. लकबीला हात नाही. ‘भाव भेटला’ला पुण्यात कुणी नाक मुरडेल, मुरडू द्या. आमच्याकडं भाव भेटतोच.

यंत्र वापरायचंच असेल तर त्याच्याकडून नवा उतारा मागू नका. ‘चुका आणि न समजणाऱ्या जागा दाखव, वाक्यं बदलू नकोस’ एवढंच काम द्या, आणि जे पटेल ते आपल्या हातानं मूळ खर्ड्यात उतरवा. साफ प्रत पुढं घेऊन तिच्यात आपला आवाज परत घालत बसलात तर तो परत येत नाही, कारण काय गेलं तेच तोवर आठवत नाही. तपासणी सोपी आहे. मूळ खर्ड्यातल्या हातात धरता येणाऱ्या वस्तू आणि घडलेल्या क्रिया समासात उतरवा: गोल्टी, ट्रॉली, कोपर, पट्टी, साखर, निवडली, घातला, न बघता बोलला. नव्या प्रतीत त्या किती उरल्या ते बघा. मग उलटं करा: नव्या प्रतीतली कुठली गोष्ट लेखकानं सांगितलेलीच नव्हती? वर गजबज सापडली ती अशीच.

‘केवळ अमुक नव्हे, तर तमुक’, तीन-तीन नामांची माळ, परिच्छेदाच्या शेवटी ‘जणू’नं सुरू होणारं तात्पर्य, या खुणा दिसल्या की थांबा. पण त्यावरून कुणावर ‘यंत्राकडून लिहून घेतलं’ असा आळ घेऊ नका. सत्काराच्या मानपत्रांत आणि उद्घाटनांच्या भाषणांत हे सगळं मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. यंत्र ते आपल्याकडूनच शिकलं असणार.

एका जागी माझं आणि त्या तरुणाचं जुळलं नाही. ‘तसं नव्हतं’ हे शेवटचं वाक्य काढावं असं माझं म्हणणं होतं. साखरेवरून वाचकाला ते कळतं. तो म्हणाला, ‘सर, मला तव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं. काढलं तर मी लई शहाणा दिसतो.’ हे कारण माझ्या कारणापेक्षा पक्कं निघालं. वाक्य ठेवलं, फक्त त्याच्या होकारानं ‘नंतर कळलं, तसं नव्हतं’ असं केलं.