हप्ता थांबतो, व्याज नाही!

‘स्वप्नांना सीमा नसतात... झेप घे!’ एज्युकेशन लोनची जाहिरात साधारण अशीच सुरू होते. मग पार्श्वसंगीत हळू होतं आणि तोच आवाज मऊ होऊन वडिलांना सांगतो, ‘काळजी नको, शिक्षण पूर्ण होईपर्यंत हप्ता नाही!’ शेवटी ‘अटी व शर्ती लागू’ हे शताब्दीच्या वेगात निघून जातं.

मित्रहो, माझा आक्षेप त्या मधल्या वाक्याला आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. कोर्स आणि त्यानंतरचे सहा महिने ते वर्षभर हप्ता नसतो, यालाच मोरॅटोरियम म्हणतात. व्याज मात्र पहिली रक्कम उचलली त्या दिवसापासूनच लागतं.

आपण इंजिनिअर, तेव्हा गणित करूनच बघू. समजा, दोन वर्षांच्या एमएससाठी ११ टक्क्यांनी ३० लाखांचं कर्ज घेतलं. १५ लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले, १५ लाख दुसऱ्या. साधं व्याज धरलं तरी पहिल्या वर्षी १.६५ लाख, दुसऱ्या वर्षी ३.३० लाख आणि नोकरी शोधण्याच्या तिसऱ्या वर्षी पुन्हा ३.३० लाख. एकूण ८.२५ लाख! हे मुदलात मिळवलं जातं आणि हप्ता ३८.२५ लाखांवर बसतो. दहा वर्षांच्या मुदतीत तो महिना सुमारे ५२,७०० रुपये होतो. तेच व्याज दरमहा भरत गेलं असतं, तर हप्ता सुमारे ४१,३०० राहिला असता. म्हणजे तेव्हा न भरलेल्या ८.२५ लाखांचे पुढे साडेतेरा लाखांच्या वर जातात.

आता कोणी म्हणेल, पहिल्या वर्षी महिना १३,७५० आणि नंतर २७,५०० रुपये प्रत्येक घराला कुठून झेपणार? खरंय. पण थोडं भरलं तरी तेवढं मुदल कमी फुगतं, आणि काही बँका या काळात व्याज भरणाऱ्याला दरात थोडी सवलतही देतात. हे वडिलांना आधी कळायला हवं की नको? सहकर्जदार म्हणून सही त्यांची असते. मोठ्या कर्जाला बहुधा घरही तारण असतं. पोराला नोकरी लागली नाही, तर बँकेचा फोन गावीच येणार!

म्हणून जाहिरातवाल्यांना माझी एकच सूचना. त्या मऊ आवाजातच आणखी चार शब्द घाला: ‘हप्ता थांबतो, व्याज नाही.’ वाचायला दोन सेकंद लागतील. आणि तुम्ही जाणार असाल, तर मंजुरीपत्रात दोन गोष्टी बघा: मोरॅटोरियमचं व्याज साधं की चक्रवाढ, आणि ते मुदलात कधी मिळवणार. मग ते पत्र आई-बाबांना मराठीत वाचून दाखवा. त्या व्हिडिओतला आवाज हे करणार नाही, आपल्यालाच करावं लागेल.