पंपाचं बीड तडकलं तर

विहिरीवरच्या पंपाचा बिडाचा पाय तडकला की पहिला विचार येतो, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे न्यावा, दोन टाके मारून घ्यावेत आणि संध्याकाळी पाणी सुरू करावं. तसं करू नका. मी ते केलंय, म्हणून सांगतो.

आमच्या पंपाची केसिंग अशीच पायाच्या कोपऱ्यात तडकली होती. तीनएक इंचांची चीर. एका दुकानात ती साध्या रॉडने, न तापवता थंडच जोडून दिली. टाका सुंदर दिसत होता. आम्ही ती टेम्पोत ठेवत होतो, तेवढ्यात ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. टाका शाबूत होता, पण त्याला लागून, अर्ध्या सुतावर, नवी चीर पडली होती. आधीच्या चिरेपेक्षा लांब.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल.

बीड म्हणजे ओतलेलं लोखंड. साध्या लोखंडी पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो, बिडात तो अडीच ते चार टक्के. त्यातला बराचसा बारीक पापुद्र्यांसारखा आत पसरलेला असतो. तुटलेल्या जागी बोट घासून बघा, पेन्सिलीच्या शिशासारखं काळं होईल. या पापुद्र्यांमुळे बीड दाबाला तगडं, पण ताणाला कच्चं. पट्टी वाकते, बीड वाकत नाही. ते सरळ तुटतं.

वेल्डिंग करताना एक बोटभर जागा लालभडक होते आणि बाजूचं बीड थंडच राहतं. तापलेली जागा निवताना आकसते आणि शेजारच्या बिडाला ओढते. बीड ताणलं जात नाही, म्हणून तडकतं. शिवाय तापलेली कड भसकन निवली की काचेसारखी कडक होते. तिच्यावर कानस चालवून बघा, नुसती घसरते.

यावर उपाय असा. अख्खा भाग आधी सावकाश तापवायचा आणि नंतर सावकाश निववायचा. म्हणजे सगळं बीड बरोबरीने फुगतं आणि बरोबरीने आकसतं.

पंपाच्या पायासाठी माझा सल्ला पितळेच्या ब्रेझिंगचा. यात बीड वितळवत नाहीत. गॅसच्या ज्योतीवर पितळी रॉड वितळवून तो बिडाला चिकटवतात. पितळ थोडं मऊ असतं, निवताना स्वतः जरासं ताणलं जातं आणि बिडावरचा ओढा कमी करतं. जोड पिवळा दिसेल, दिसू दे.

दुकानात नेण्याआधी घरी एवढं करा. पंप खोलून इंपेलर, बेअरिंग, सील, रबर, सगळं काढून टाका. केसिंग मोकळी हवी. पाणी किंवा तेल अडकलेली बंद पोकळी तापवली तर ती फुटून अंगावर येते. मग चीर नेमकी कुठवर गेली ते शोधा. जागा रॉकेलने भिजवा, कोरडी पुसा आणि वरून पांढरा खडू घासा. थोड्या वेळाने चिरेतलं रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवतं. आमच्या केसिंगवर डोळ्यांना दिसणाऱ्या चिरेपेक्षा खडूवरची रेघ इंचभर लांब निघाली. तो उरलेला इंच राहिला असता, तर दुरुस्ती वाया गेली असती.

रेघेच्या दोन्ही टोकांच्या जरा पुढे तीन मिलिमीटरचं एकेक भोक पाडायला सांगा. चीर तिथे थांबते. मग चिरेवर रुंद, इंग्रजी व्हीसारखी खाच करायची. शेवटचा हात मात्र ग्राइंडरचा नको, कानशीचा हवा. ग्राइंडर ते काळं शिसं सगळीकडे फासतो आणि मग त्यावर पितळ धरत नाही. जुन्या पंपात तेल-ग्रीस मुरलेलं असतं, तेही आधी तापवून जाळून घ्यावं लागतं.

आता तापवणं. आमच्या दुसऱ्या कारागिराने विटांचा चौकोन मांडला, त्यात लोणारी कोळसा पेटवला आणि केसिंग मध्ये ठेवून वरून पत्रा झाकला. दोन तास. भाता नाही, घाई नाही. त्याला अख्खी केसिंग साडेतीनशे-चारशे अंशांवर न्यायची होती. त्याच्याकडे तापमानाचा खडू होता, ठरलेल्या उष्णतेला तो वितळतो. कारागीर तो चिरेजवळ घासून थांबला नाही, त्याने लांबच्या टोकालाही घासून बघितला. कारागीर हे करतो का, ते बघा.

एक जपा. इतकं तापलेलं बीड दिसायला काळंच असतं. लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

ब्रेझिंग चालू असताना तुम्हालाही पारख करता येते. जोडाची जागा मंद लाल व्हायला हवी. त्यावर टाकणखाराची पूड लावलेला रॉड टेकवला की पितळ गरम तव्यावरच्या तेलासारखं पसरलं पाहिजे. ते गोळी होऊन घरंगळलं, तर जागा थंड किंवा मळकी आहे. पितळ उकळून पांढरा धूर निघाला, तर आच जास्त झाली. तो जस्ताचा धूर असतो, त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. काम उघड्यावर होऊ दे, आणि तुम्ही वारा येतो त्या बाजूला उभे राहा.

जोड झाला की खरी परीक्षा सुरू होते, आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो. केसिंग फरशीवर ठेवू नका. पाण्याचा शिपका तर नकोच, पंख्याचा वारासुद्धा नको. ती पुन्हा त्याच विटांच्या भट्टीत सगळीकडून सारखी तापवून घ्यायची आणि लगेच कोरड्या चाळलेल्या राखेत पुरायची. खाली, वर, चहूबाजूंनी वीतभर राख. राख ओलसर असेल तर आधी वाळवा. आमची केसिंग संध्याकाळी सहाला पुरली, दुसऱ्या दिवशी दुपारी काढली, तरी हाताला कोमट लागत होती.

कारागीर म्हणाला, “दादा, तासाभरात देऊ का?” तर नाही म्हणा. एक दिवस पाणी शेजाऱ्याकडून घ्या.

गार झाल्यावर रॉकेल-खडूची परीक्षा पुन्हा करा. जोडाच्या दोन्ही कडांवर कानस फिरवून बघा, ती चावली पाहिजे. चीर केसिंगच्या पोटापर्यंत गेली असेल, तर पाणी भरून रात्रभर ठेवा.

प्रत्येक भागाला हा उपाय चालत नाही. इंजिनचा धूर जातो ती नळी फार तापते, तिथे पितळ टिकत नाही. वेगाने फिरणारं फ्लायव्हील किंवा पुली तडकली, तर कुणी कितीही खात्री दिली तरी जोडू नका, नवी घ्या. ती फुटली तर तुकडे माणसाला लागतात. आणि एकदा पितळ भरलेल्या जागी पुढे साधं वेल्डिंग नीट बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

पंप परत बसवताना, पाय मुळात का तडकला ते बघा. आमच्या चौथऱ्याचा एक कोपरा खचला होता. एका पायाखाली फट होती आणि आम्ही पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला होता. या वेळी चारही पायांखाली बोट फिरवून बघितलं, फटीत पातळ पत्र्याचे तुकडे सारले आणि मगच बोल्ट थोडे थोडे, आलटून-पालटून आवळले. पाइपाचं ओझं केसिंगवर लोंबत होतं, त्याला खाली दगडाचा टेकू दिला. आठ दिवसांनी पंप बंद करून पुन्हा खडू घासला. खडू कोरडा राहिला.