दोन वाट्यांचा हिशेब

विंझरहून एक पत्र आलं आहे. वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या या गावाजवळच्या एका शाळेत दोन मावशी पोषण आहार शिजवतात. त्यांनी पत्रासोबत एक झेरॉक्सचा कागद जोडला आहे. प्रशिक्षणात वाटलेल्या त्या कागदावर व्हेज पुलावाची कृती छापली आहे: ‘एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, कुकरच्या दोन शिट्ट्या.’ या दोघींना रोज साठ मुलांचं शिजवावं लागतं. त्यांनी कागदाबरहुकूम पाणी मोजलं, बावीस लिटरच्या कुकरात निम्मं-निम्मं लावून दोन-दोन शिट्ट्या दिल्या आणि पुलावाचा गोळा झाला. पुढच्या वेळी कुकर बाजूला ठेवून पातेल्यात तेच प्रमाण घेतलं, तरी गोळाच झाला. चव नोंदवहीत शेरा पडला, ‘भात गिच्च’. पत्रातलं शेवटचं वाक्य असं आहे: “आम्ही कागदावर होतं तेवढंच पाणी घातलं, तरी बोलणी आम्हाला.”

चूक मावशींची नाही, त्या कागदाची आहे. तोच कागद थोड्याफार फरकाने आपल्या कित्येक वाचकांच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, म्हणून या महिन्याची ही जागा त्यालाच देतो.

११ जून २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांच्या पाककृतींची यादी वाढली आणि व्हेजिटेबल पुलाव, मटार पुलाव, मसाले भात हे प्रकार जिल्हा परिषदेच्या शाळांत पोचले. त्याबद्दल तक्रार नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम भाजी, हे प्रमाणही ठरलेलं आहे. अडचण पुढे येते. तांदूळ किलोवर तोलून घ्यायचा, भाजी किलोवर घ्यायची आणि पाणी मात्र घरातल्या वाटीच्या हिशेबाने घालायचं. चार माणसांच्या स्वयंपाकाचं प्रमाण साठांसाठी वाढवून कागदावर उतरवणाऱ्याने सहा किलोचं पातेलं कधी चुलीवरून उतरवलं असेल, असं वाटत नाही.

पुलावात घातलेलं पाणी दोन ठिकाणी जातं. एक वाटा तांदूळ पितो. दुसरा वाटा वाफ होऊन उडून जातो. पहिलं तांदळाचं पाणी आणि दुसरं भांड्याचं पाणी. तांदळाचं पाणी तांदळाबरोबर वाढतं: एका किलोला जेवढं लागतं त्याच्या सहापट सहा किलोला. भांड्याचं पाणी तसं वाढत नाही. ते पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर, आचेवर आणि वेळेवर ठरतं. घरी उघड्या पातेल्यात एक वाटी तांदूळ शिजवताना तो सव्वा वाटी पाणी पितो आणि अर्धी-पाऊण वाटी उडून जाते. म्हणून घरात दोन वाट्यांचा हिशेब जमतो. सहा किलोच्या पातेल्यात उडणारं पाणी घरापेक्षा जास्त असतं, पण सहा किलोला वाटून पाहिलं तर फारच थोडं पडतं. कुकरमधून तर जवळजवळ काही उडतच नाही. तरीही दोन्हीकडे दुप्पट पाणी घातलं, तर जे उडायला जागा नाही ते तांदळातच जाणार.

विंझरचाच हिशेब मांडू. साठ मुलं म्हणजे सहा किलो तांदूळ. किलोभर तांदूळ मापाने साधारण बाराशे मिलिलिटर भरतो, म्हणजे सहा किलो झाले सात लिटरच्या थोडे वर. कागदाच्या दुपटीने पाणी होतं चौदा लिटरच्या पुढे. आम्ही मावशींना दोन गोष्टी करून बघायला सांगितल्या.

पहिली तांदळाची परीक्षा. शाळेला आलेल्या पोत्यातला शंभर-शंभर ग्रॅम तांदूळ तीन लहान वाट्यांत घ्यायचा. एकीत १३० मिलिलिटर पाणी, दुसरीत १५०, तिसरीत १७०. तिन्ही वाट्या झाकून कुकरमध्ये शिजवायच्या. झाकलेल्या वाटीतून पाणी उडत नाही, त्यामुळे जो भात मोकळा आणि कणी न राहता शिजतो, तेच त्या तांदळाचं खरं पाणी. त्यांना १५० ची वाटी बरोबर लागली, म्हणजे किलोला दीड लिटर. दुसरी परीक्षा पातेल्याची. नेहमीच्या पातेल्यात दहा लिटर साधं पाणी घ्यायचं, उकळी आली की नेहमीचं झाकण ठेवून नेहमीच्या आचेवर वीस मिनिटं ठेवायचं, निवलं की मोजायचं. त्यांचं साडेआठ लिटर उरलं. म्हणजे भांड्याचं पाणी दीड लिटर.

आता सहा किलोला तांदळाचं नऊ लिटर आणि भांड्याचं दीड, असे साडेदहा झाले. तीन किलो भाजी, त्यात कांदा-टोमॅटो, अर्धा लिटर तरी पाणी सोडते, ते वजा केलं की दहा उरतात. मावशी तांदूळ अर्धा तास भिजवतात. निथळून तोलला तेव्हा तो साडेसात किलो भरला, म्हणजे दीड लिटर पाणी आधीच पोटात गेलं होतं. आधणाला उरलं साडेआठ लिटर. कागद सांगत होता चौदाच्या पुढे. गोळा का झाला, हे यावरून कळेल.

हे आकडे उचलून आपल्या पातेल्याला लावू नका. पुढचं पोतं जुन्या तांदळाचं निघालं तर तो जास्त पाणी पिईल. आपल्या मावळ-वेल्ह्याकडचा इंद्रायणी नवा असेल तर बराच कमी पितो आणि चिकटतोही. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेलं हे वाण आंबेमोहर आणि आयआर-८ च्या संकराचं. आंबेमोहराचा वास आणि मऊपणा त्यात आहे, म्हणून त्याच्याकडून बासमतीसारखी सुटी शितं मागणं चूक आहे. इंद्रायणीचा पुलाव करायचाच असेल तर जुना घ्या, तेलावर चांगला परता आणि पातेल्यातच करा.

पाणी जास्त झालं तर पेज काढून टाकण्याची सवय अनेकांना आहे. शाळेच्या तांदळाची पेज काढू नका. त्यात शंभर दाण्यांमागे एक या हिशेबाने लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळलेले असतात. ते निराळे दिसतात, म्हणून काही ठिकाणी प्लास्टिकचा तांदूळ समजून निवडून फेकले जातात. तो तांदूळच आहे. पेजेबरोबर त्यातली सत्त्वं गटारात जातात. म्हणूनच पाणी आधीच नेमकं मोजायला हवं.

आता शिट्ट्यांबद्दल. शिट्टी हे वेळेचं माप नाही. आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक असेल तर होतच नाहीत. भाताचं शिजणं ठरतं ते आतली उष्णता किती वेळ टिकली त्यावर. उघड्या पातेल्यात आपल्या या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, दाब भरलेल्या कुकरमध्ये ते १२० च्या जवळ जातं. घरचा तीन लिटरचा कुकर काही मिनिटांत तापतो आणि दहा मिनिटांत निवतो, म्हणून तिथे एक शिट्टी करून बंद केलं की पुलाव जमतो. बावीस लिटरच्या कुकरला पहिल्या शिट्टीपर्यंतच पुष्कळ वेळ लागतो, तेवढ्यात तांदूळ जवळजवळ शिजलेला असतो. बंद केल्यावरही वाफ उतरायला अर्ध्या तासाच्या जवळपास जातो आणि तोवर आत शिजणं चालूच. फ्लॉवरचा लगदा होतो तो इथेच. अशा कुकरला शिट्टीची वाटच बघू नये. वजनाखालून वाफेचा जोरदार आवाज येऊ लागला की गॅस बंद करावा.

शिवाय भात असेल तर कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. तांदूळ, पाणी आणि भाजी धरून बावीस लिटरच्या कुकरात चार किलोच्या वर तांदूळ मावत नाही. सहा किलो एकदम दामटले की फेस वर चढतो आणि वाफेची नळी बुजते. शिट्टी होत नाही, कडेच्या रिंगातून वाफ फुसफुसते आणि खालून करपल्याचा वास येतो. अशा वेळी झाकणाला हात लावू नका. गॅस बंद करून लांब व्हा आणि पूर्ण निवू द्या.

घाईत वजन उचलून वाफ काढणाऱ्यांनाही सांगायचं आहे. १२० अंशांवरचं पाणी दाब सुटताच एकदम उसळतं, दाण्याच्या आतलंही. दाणा फुटतो आणि पुलाव पिठूळ होतो. दाब आपोआप उतरू द्यावा. उतरल्यावर मात्र लगेच उघडावं. झाकण तसंच ठेवून घंटी होईपर्यंत थांबलं, तर वाफेचं पाणी होऊन वरचा थर ओला होतो.

आमचा निर्णय स्पष्ट आहे. किलोभर तांदळापर्यंत कुकर चालेल, गॅस वाचेल. त्यापुढे पुलाव पातेल्यातच करावा. कुकर चणा आणि चवळी वेगळी शिजवून घ्यायला ठेवा, तिथे त्याला तोड नाही. पातेल्यात आधण येऊ द्यावं, तांदूळ घालावा, एकदा तळापासून हलवावा आणि मग डाव घालू नये. पाणी तांदळाच्या पातळीला येऊन वर भोकं दिसू लागली की आच अगदी मंद करायची, पातेल्याखाली तवा सरकवायचा, झाकणावर वजन ठेवायचं. चूल असेल तर झाकणावर चार निखारे. बारा मिनिटांनी आच बंद करून आणखी पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. या मुरण्यात तळाचं ओलं वर सरकतं, शित आतून एकसारखं होतं आणि बाहेरून जरा घट्ट होतं. त्याआधी ढवळलं तर शितं मोडतात. मग कडेने झारा घालून सैल करावं आणि पसरट भांड्यांत काढावं. खोल डब्यात दाबून भरला तर वरच्या वजनाने खालचा पुलाव पुन्हा गोळा होतो. आणि गरम गरमच वाढून संपवावा. कोमट होऊन तासन्‌तास पडलेला भात मुलांना देणं धोक्याचं आहे.

विंझरच्या मावशींनी आता पातेल्यात उभी धरायची एक काठी केली आहे आणि साडेआठ लिटरला तिच्यावर खूण कोरली आहे. पोतं बदललं की तीन वाट्यांची परीक्षा पुन्हा करतात. त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागली नाही.

अधिकाऱ्यांना विनंती एवढीच, तो कागद मागे घ्या. नवा छापाल तेव्हा पाणी लिटरमध्ये लिहा, भांडं कोणतं ते लिहा आणि शिट्ट्यांचा आकडा काढून टाका. आणि वाचकहो, खानावळ असो, बचत गटाचं जेवण असो की शाळा, या महिन्यात दोन्ही परीक्षा करा. तांदूळ कोणता, शंभर ग्रॅमला पाणी किती, पातेलं केवढं आणि त्यातून वीस मिनिटांत उडालं किती, हे चार आकडे पोस्टकार्डावर लिहून कार्यालयाकडे पाठवा. पुढच्या अंकात सगळ्यांचा तक्ता छापू.